थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद

सणाच्या सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात हमखास येणारे वाक्य असे असते : ‘आपणांस व आपल्या परिवारास गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा.’ चौकातल्या फलकावर हे वाक्य शोभते, बँकेच्या संदेशात शोभते, सोसायटीच्या सूचनाफलकावरही शोभते. तिथे लिहिणारा एका घरचा असतो आणि वाचणारा दुसऱ्या घरचा. पण ज्या समूहात माझी आत्या आहे, तिची नातसून आहे, माझा पुतण्या आहे आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी आपल्या बाबांच्या फोनवर तोच समूह वाचते आहे, तिथे ‘आपला परिवार’ म्हणजे कोणाचा? ज्याला शुभेच्छा द्यायच्या तो परिवार समोरच बसला आहे आणि लिहिणाराही त्यातलाच एक आहे. वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, त्यामागचा हेतूही चांगला आहे. तरी ते घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करून बोलते.

‘शुभेच्छा’ या शब्दाचीही एक अडचण आहे. आमच्यासारख्या घरांत सणाच्या दिवशी लहान माणूस मोठ्याला शुभेच्छा देत नसे, नमस्कार करत असे. मोठा माणूस लहानाला आशीर्वाद देत असे. शुभेच्छा बरोबरीच्या माणसांच्या. त्या आडव्या जातात, वरखाली जात नाहीत. आता त्या सर्रास सगळीकडे जातात आणि त्याला माझी हरकत नाही, भाषा बदलते. पण परिणाम पाहण्यासारखा असतो. नातू ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहितो आणि आत्या त्याला उत्तर देते, ‘अनेक आशीर्वाद, औक्षवंत हो.’ तिला मिळाले ते वेगळ्या नात्याचे बोलणे आणि तिने दिले ते तिच्या नात्याचे. त्याने न केलेला नमस्कार मनातल्या मनात स्वीकारून आशीर्वाद दिलेला असतो. माझे म्हणणे असे, की अनेक पिढ्यांच्या समूहाला पाठवायचा संदेश सगळ्यांना सारखे लागू पडेल असे एकच वाक्य शोधत बसला, की फसतो. सारखे लागू पडणारे वाक्य शेवटी फलकाचेच होते. संदेशात प्रत्येक पिढीला बसायला वेगवेगळी जागा हवी.

ही जागा मराठीत आधीपासून तयार आहे. पोस्टकार्ड घरातल्या कर्त्या माणसाच्या नावाने येई, ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ असे सुरू होई. पण लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असे, की ते मोठ्याने वाचले जाणार आणि स्वयंपाकघरातूनही ऐकले जाणार. म्हणून मजकूर संपला, की एक ओळ यायची : घरातील थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पाळण्यातल्या बाळालाही ‘गोड पापा’ असे. चार पिढ्यांना एकाच कागदावर बोलावण्याची ही रीत होती आणि ती कागदाच्या उरलेल्या दोन बोटांच्या जागेत बसत होती. आजचा कुटुंबाचा समूह हे त्याच जातीचे माध्यम आहे. एकाने लिहायचे, सगळ्यांनी सगळ्यांदेखत वाचायचे.

मात्र जुन्या पत्राची सगळीच चौकट परत आणावी असे मी म्हणणार नाही. त्यात ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ होते. नवरा हयात आहे की नाही यावरून बाईच्या नावाला वेगळे अक्षर लागत होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी उघडणाऱ्या संदेशात हा भेद क्रूर ठरेल. वयाचे थर जपावेत, हे नाही. ‘थोर’ आणि ‘लहान’ हे शब्द याच कारणाने मला उपयोगी वाटतात : ते कोणालाही नाव घेऊन वेगळे काढत नाहीत, ज्याने त्याने आपली जागा आपण घ्यायची असते. माझ्या वयाची माणसे तर दोन्हींत बसतात.

यंदाच्या पाडव्याला, १९ मार्च २०२६ रोजी, आमच्या समूहात पहिला संदेश घालायचे काम माझ्याकडे आले. त्याची जुळवाजुळव इथे सविस्तर मांडते, कारण या विषयात सर्वसाधारण नियम फार थोडे आहेत आणि जे आहेत ते वाचणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरूनच ठरतात. आमचे चेहरे असे. सांगलीची आत्या, वयाने सगळ्यांत मोठी. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याने अंधुक दिसते. चुलतभाऊ नाना, जन्म १९६६ च्या पावसाळ्यातला. कोल्हापूरची चुलतवहिनी, जिच्या घरी श्रावणात तिचा नवरा, म्हणजे आमचा दुसरा चुलतभाऊ, गेला. वर्ष व्हायचे आहे, त्यामुळे त्या घरी गुढी उभारायची नव्हती. बेंगळुरूची धाकटी वहिनी, माहेर धारवाडचे, बोली कन्नड. म्हापशाची मामेबहीण, जिच्या सासरी पाडव्याला ‘संवसार पाडवो’ म्हणतात. आणि स्टुटगार्टला असलेला पुतण्या व त्याची मुलगी, जी शनिवारच्या मराठी वर्गाला जाते आणि जोडाक्षर आले, की थांबते.

चित्रापासून सुरुवात केली, कारण पहिली नजर तिथे जाते आणि पहिल्या चुकाही तिथेच होतात. बाजारात फिरणारी तयार चित्रे एका साच्याची असतात : लाल-केशरी पार्श्वभूमी, सोनेरी वळणदार अक्षरे, कडेला गुढी, खाली रांगोळी. गुढी बहुतेकदा गुढी कधी न पाहिलेल्या माणसाने काढलेली असते. ओळखायला तीन गोष्टी बघाव्यात. काठीवरचा तांब्या उपडा आहे का? पूजेच्या कलशासारखा सुलटा आणि वर नारळ ठेवलेला असेल, तर चित्रकाराने दुसऱ्याच कलशाची नक्कल केली आहे. कडुलिंबाचा डहाळा आहे का, की सगळीकडे नुसती आंब्याची पाने? आणि साखरेच्या गाठी आहेत का? तरुणांच्या नजरेतून हे सुटते. आत्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती काही बोलत नाही एवढेच.

अक्षरांचेही तसेच. ‘गुडी पाडवा’ लिहिलेले दिसले, की चित्र हिंदीतून आले हे कळते. ‘हार्दिक’मधली वेलांटी ‘द’च्या मागे न येता पुढे घसरली असेल, किंवा ‘साऱ्यांना’मधला ‘ऱ्या’ फुटून ‘र्या’ झाला असेल, तर चित्र अशा सॉफ्टवेअरवर तयार झाले आहे, ज्याला देवनागरीची अक्षरे जुळवता येत नाहीत. हिंदी चित्रांत आणखी एक गोष्ट असते : त्यांवर विक्रम संवत २०८३ असतो आणि संवत्सराचे नावही आपल्या पंचांगातल्या नावाहून वेगळे असते, कारण उत्तरेकडे साठ संवत्सरांचे चक्र वेगळ्या गणिताने मोजतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण सांगलीच्या देवघरात संकल्प सोडताना एक नाव उच्चारायचे आणि फोनवर दुसरे वाचायचे, हा गोंधळ आपण होऊन कशाला पाठवावा?

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता. शब्द चित्राच्या आत घालायचे की बाहेर? माझे उत्तर ठाम आहे : बाहेर, टंकून. आत्याच्या फोनवर अक्षरांचा आकार सगळ्यांत मोठा करून ठेवला आहे. टंकलेला मजकूर त्या आकाराला मानतो आणि मोठा होतो. चित्रातला मजकूर मानत नाही. तिला दोन बोटांनी चित्र ताणावे लागते, ताणले, की ओळीची दोन्ही टोके पडद्याबाहेर जातात आणि लाल रंगावरची सोनेरी अक्षरे तिच्या डोळ्यांना विरघळून दिसतात. ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांचा फोन टंकलेले मराठी वाचून दाखवतो. चित्रातल्या सजवलेल्या अक्षरांपुढे तो बहुधा मुका राहतो. शिवाय ज्यांनी डेटा वाचवण्यासाठी चित्रे आपोआप उतरू नयेत अशी सोय केली आहे, त्यांना बोट लावेपर्यंत एक धूसर चौकोन दिसतो, तर मजकूर तत्काळ दिसतो. म्हणजे चित्रातच शब्द घातले, की सगळ्यांत म्हाताऱ्या आणि सगळ्यांत काटकसरी माणसाला संदेश सगळ्यांत शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही.

फॉरवर्डचे एक वेगळे दुःख आहे. २०१८ पासून पुढे ढकललेल्या संदेशावर बाण आणि ‘फॉरवर्ड केलेला’ अशी खूण येते. फार हातांतून फिरला असेल तर दोन बाण येतात. ही खूण अफवांना आळा बसावा म्हणून आली, पण सणाच्या दिवशी ती दुसरेच सांगते. आत्याला बाणांचा अर्थ शिकवावा लागला नाही. तिने एकदा विचारले, ‘हे तू लिहिलंस की कुठून आलंय?’ तिला दोन्हींचा राग नव्हता. तिला फक्त उत्तर कोणाला द्यायचे ते ठरवायचे होते.

म्हणून घरचे छायाचित्र घ्यायचे ठरले. पहिली सूचना पुतण्याची : गेल्या वर्षीच्या पाडव्याला सगळे जमलो होतो, तो फोटो. त्या फोटोत कोल्हापूरचा भाऊ मधोमध उभा आहे, हसतो आहे. पुतण्याच्या मनात प्रेमच होते. त्याला वाटले, या निमित्ताने त्याची आठवण होईल. पण आठवण केव्हा आणि कोणासोबत काढायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क वहिनीचा आहे. सकाळी सातला फोन उघडल्यावर अचानक समोर येणारा फोटो तो हक्क हिरावून घेतो. त्याखाली उमटणारे हात जोडल्याचे आणि रडण्याचे चेहरे तर तिला दिवसभर उत्तर देत बसायला लावतात. कौटुंबिक समूहात जुना सामूहिक फोटो घालण्याआधी त्यातला प्रत्येक माणूस आज कुठे आहे, हे एकदा मोजून पाहावे. फोनने आपोआप तयार केलेल्या ‘आठवणीं’च्या चित्रफितींबाबत तर हे दुप्पट खरे आहे, कारण त्यातले चेहरे कोणी माणसाने निवडलेले नसतात.

दुसरी सूचना आमच्या गुढीच्या फोटोची. ती वाईट नव्हती. पण समूहातल्या एका घरी गुढी नव्हती आणि स्टुटगार्टच्या घरी ती बाल्कनीत काठीविना, कशीतरी बांधलेली असणार होती. शेवटी निवडले ते कडुलिंब आणि गूळ. पाडव्याला सकाळी अनशापोटी कडुलिंबाची चटणी खायची : कोवळी पाने, फुले, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरे, ओवा, हिंग, मीठ, थोडी चिंच. हे ताट म्हापशालाही ओळखीचे आहे. बेंगळुरूच्या वहिनीच्या माहेरी युगादीला हेच ‘बेवु-बेल्ल’, कडुलिंब आणि गूळ. तीन प्रांतांचा सण नावाने वेगळा असला, तरी ही चव समान आहे, आणि ती कोणाच्या घरी गुढी आहे वा नाही यावर अवलंबून नाही.

इथेही एक खाच होती. अंत्यसंस्काराहून परतल्यावर कडुलिंबाचे पान तोंडात घालायची चाल आमच्याकडे आहे. नुसता पाल्याचा डहाळा कोल्हापूरच्या घराला पाडव्याऐवजी श्रावणातली ती दुपार आठवून देऊ शकला असता. म्हणून चित्रात गूळ पुढे असायला हवा होता आणि कडुलिंबाची फुले दिसायला हवी होती. फुले चैत्राच्या सुमारास येतात, त्यांनी तो डहाळा पाडव्याचा ठरतो. फोटो चटणी वाटण्याआधी काढला. वाटल्यानंतर ती फोनच्या पडद्यावर नुसता काळपट हिरवा गोळा दिसते आणि काय आहे ते मुलांना कळत नाही. लाकडी पाट, त्यावर पितळेची छोटी ताटली, एका बाजूला गुळाचा खडा, मधे पांढरी बारीक फुले, कडेला तांबूस कोवळी पाने आणि चमचाभर डाळ. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून. फोटोत मोजक्याच गोष्टी ठेवल्या, की लहान पडद्यावर त्या ओळखू येतात. समई, फुलपुडी, हळदकुंकू, शेजारचे देवघर असे सगळे गोळा केले, की आत्याला काहीच नीट दिसत नाही.

मग शब्द. मराठीने दिलेली एक सोय या कामात फार मोलाची आहे : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आमच्या घरी कडुलिंब काढून ठेवला आहे’ म्हटले, की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपल्या सगळ्यांना’ म्हटले, की तो आत येतो. कौटुंबिक संदेशात शक्य तिथे ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ वापरावे. त्याने दुसरा एक तिढाही सुटतो. आत्याला आम्ही ‘तू’ म्हणतो, नानांना ‘तुम्ही’, बेंगळुरूची वहिनी वयाने लहान असून तिला ‘तुम्ही’ आणि मुलांना ‘तू’. ‘तुम्हा सर्वांना’ लिहिले, की आत्याला ते कानाला परके लागते. ‘आपण सगळे’मध्ये प्रत्येकाला आपापले सर्वनाम घरी ठेवून येता येते. मात्र तोच ‘आपण’ आदरार्थी झाला, ‘आपणांस’ झाला, की पुन्हा फलकाची भाषा सुरू होते. प्रत्यय बघून सांभाळावे लागते.

विशेषणे जवळजवळ सगळी गाळली. ‘सुख, समृद्धी, ऐश्वर्य, भरभराट, आनंद, जल्लोष’ ही माळ जिथे एक घर दुखवट्यात आहे तिथे लांबवू नये. याचा अर्थ सगळ्यांचा सण उदास करावा असा नाही. वहिनीला कोणाचा आनंद थांबायला नको होता. तिला फक्त त्यात सामील असल्याचे दाखवायची सक्ती नको होती. ‘सुखरूप जावो’ एवढेच ठेवले. ज्याच्या घरी पेढे आहेत त्यालाही ते पुरते आणि ज्याच्या घरी नाहीत त्यालाही. तिच्या दुःखाचा उल्लेख संदेशात केला नाही. त्यासाठी आदल्या संध्याकाळी तिला फोन केला आणि सांगितले, की उद्या समूहात काय येणार आहे, फोटो कशाचा आहे, आणि उत्तर द्यायची गरज नाही. समूहातली शांतता कोणाच्याही लक्षात येते. ‘आज वहिनी काही बोलली नाही’ असे कोणीतरी लिहितेच. म्हणून नानांनाही कल्पना देऊन ठेवली.

संवत्सराच्या नावाचा प्रश्न नानांशीच जोडलेला निघाला. शके १९४८ च्या संवत्सराचे नाव ‘पराभव’. साठ नावांच्या यादीत शुभकृत, शोभन, आनंद आहेत तसे क्रोधी, राक्षस, दुर्मती आणि क्षयही आहेत. ज्यांच्या घरी दर पाडव्याला पंचांग वाचतात, त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. पण स्टुटगार्टच्या मुलीने सणाच्या शुभेच्छांत ‘पराभव’ वाचले, तर ती आधी बाबांना विचारणार, की कोण हरले. काही जण अशा वर्षी नाव सरळ गाळतात. तेही मला पटेना, कारण संवत्सर आणि पंचांग हा आत्याच्या पाडव्याचा अर्धा भाग आहे. तेव्हा लक्षात आले, की साठ वर्षांनी चक्र फिरून येते. म्हणजे याआधीचा पराभव संवत्सर १९६६-६७ चा, आणि नानांचा जन्म त्यातलाच. षष्ट्यब्दी म्हणजे तरी काय, माणूस आपल्या जन्मसंवत्सराशी पुन्हा येऊन पोहोचतो तो टप्पा. म्हणून लेखी संदेशात फक्त शके लिहायचे आणि नानांचे संवत्सर परत आले एवढे सांगायचे ठरले. नाव आत्याने आपल्या तोंडाने सांगायचे. तिने उच्चारले, की ते पंचांगाचे नाव राहते. चित्राच्या कोपऱ्यात छापले, की ते भाकीत वाटते.

उरली भाषा. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी सुचवते, की मराठीखाली इंग्रजी भाषांतर द्यावे, म्हणजे परदेशातल्या मुलांना कळेल. मी याच्या विरुद्ध आहे. जे मूल मराठी शिकते आहे त्याला खाली सोपी वाट दिसली, की ते वरच्या ओळींवरून नजर उचलते. दोन-तीन सणांत वरचा भाग त्याच्यासाठी नक्षी होऊन जातो. त्याऐवजी मजकूरच असा लिहावा, की अडखळत वाचणाऱ्याला पेलेल. छोटी वाक्ये, एका ओळीत एक, फार तर दोन, नेहमीचे शब्द, टाळता येतील तेवढी जोडाक्षरे टाळलेली. ‘समृद्धी’ आणि ‘ऐश्वर्य’ गेल्यामुळे हे काम अर्धे आपोआप झाले होते. ‘प्रतिपदा’ ठेवली, एखादा अवघड शब्द असावा, तो विचारला जातो. मराठी रोमन लिपीत लिहिण्याची तडजोडही नको. ती मुलांसाठी केली जाते असे म्हणतात, पण त्या स्पेलिंगवरून मुलांना उच्चार कळत नाही आणि आत्याला तर काहीच कळत नाही.

आणि आवाज. आत्याने तोच मजकूर, त्याच क्रमाने, वाचून ध्वनिमुद्रित करायचा, मिनिटभराच्या आत. क्रम तोच हवा, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुलगी आवाज ऐकत ओळींवरून बोट फिरवू शकते आणि जिथे अडते तिथे पुढचे तिला आत्या सांगते. मजकूर वेगळा आणि आवाज वेगळा असेल, तर दोन्ही अर्धेच ऐकले जातात. दोन वेळा मुद्रण करावे लागले, कारण पहिल्या वेळी आत्या लिहिलेले सोडून बोलायला लागली. ती बोलली ते सुंदर होते. ते आम्ही वेगळे ठेवले आणि दुपारी पाठवले.

बेंगळुरूच्या वहिनीचे गणित वेगळे आहे. तिला मराठी कळते, हिंदीमुळे देवनागरीही वाचता येते. तिला भाषांतराची गरज नाही. पण तिचाही तो सण आहे आणि तिच्या भाषेत तो कोणीतरी उच्चारावा, एवढेच हवे. म्हणून एक कन्नड ओळ घेतली, आणि ती तिच्या नावाने न घालता सगळ्यांसाठी घातली. ‘वहिनींसाठी’ असे वर लिहिले असते, तर ती पुन्हा पाहुणी झाली असती. भाषांतर आणि ही ओळ यांत फरक आहे. भाषांतर आधीच सांगितलेले पुन्हा सांगते. ही ओळ एका माणसाची भाषा कुटुंबाच्या भाषेत बसवते.

सकाळी सातला गेलेला मजकूर असा होता :

सर्व थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
आज चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९४८.
आपले नाना ज्या संवत्सरात जन्मले, ते साठ वर्षांनी आज परत आले आहे.
आत्याने कडुलिंब आणि गूळ काढला आहे. जिथे असाल तिथे चिमूटभर खा.
हे वर्ष आपल्या सगळ्यांना सुखरूप जावो.
युगादी हब्बद शुभाशयगळु.

पहिली ओळ माझ्या वयाच्या माणसालाच शोभते. पुतण्याने पाठवली असती, तर त्याने आशीर्वाद द्यायचे नव्हते. ‘सर्वांना नमस्कार, पिल्लांना पापा’ असे काहीतरी त्याचे त्याने लिहायला हवे होते. संदेश कोण पाठवतो, यावरून त्याची पहिली ओळ बदलते, म्हणूनच तो उचलून दुसऱ्या कुटुंबात ढकलता येत नाही. चौथ्या ओळीतला ‘असाल… खा’ हा एकमेव ‘तुम्ही’ राहिला आणि तो मला अजून खटकतो. ‘जो जिथे असेल तिथे त्याने’ लिहून पाहिले, तर बायका बाहेर पडल्या. ‘आपण सगळे खाऊ या’ लिहिले, तर त्या सकाळी कोल्हापुरात काय शिजणार हे आपण ठरवल्यासारखे झाले.

त्यानंतर दुपारपर्यंत लाल-सोनेरी चित्रे आलीच, सुलट्या कलशांसह. ती आली याचे वाईट वाटू नये. ज्याने पाठवले त्याने आपली हजेरी लावली, आणि समूहात हजेरीलाही किंमत आहे. पण नानांना आलेले फोन त्या एका ओळीमुळे आले, कारण त्यांची साठी जवळ आली हे अर्ध्या कुटुंबाला ठाऊकच नव्हते. स्टुटगार्टहून मुलीने दोन ओळी स्वतः वाचून पाठवल्या. ‘प्रतिपदा’ला ती थांबली आणि मागून तिच्या बाबांचा आवाज आला.

माझा भाऊ म्हणतो, की हा साचा आता पक्का करून दर सणाला वापरावा. मला तसे वाटत नाही. जागा ठरलेल्या असाव्यात, मजकूर नाही. ‘थोरांना नमस्कार’ही तोंडदेखला होऊ शकतो आणि मग तोही फलकावर जाईल. शिवाय दिवाळी समोर आहे, आणि ती अधिक अवघड आहे. कोल्हापूरचे वर्ष तोवर झालेले असेल, पण दिवाळी पाच-सहा दिवसांची. त्यात धनत्रयोदशीचे चित्र भाऊबीजेला चालत नाही, नरकचतुर्दशीला म्हापशात पहाटे नरकासुर जाळतात, तेव्हा आमच्याकडे उटणे लावणे चालू असते, आणि भाऊबीजेचा संदेश तर ज्या समूहात एका बहिणीचा भाऊ नुकताच गेला आहे तिथे घालावा की न घालता तिच्या घरी कोणी जावे, हे अजून आम्ही ठरवलेले नाही. आत्याचे मत जावे असे आहे.